पोत्यात शिरणारं पाणी

श्रावणातली सकाळ. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत धार काढण्याआधी खुराक घ्यायला माणूस जातो, पोत्यात हात घालतो आणि हाताला नारळाएवढं ढेकूळ लागतं. बाहेरून ते पेंडेसारखंच दिसतं. फोडल्यावर आत राखाडी-हिरवट भुकटी निघते आणि कुबट वास नाकात जातो. माणूस क्षणभर थांबतो. पोतं अर्धं भरलेलं आहे, पेंडीचे भाव वाढलेले आहेत. दुपारी जरा उघडीप मिळते तेव्हा तो सगळा माल ताडपत्रीवर पसरतो, ढेकळं हातानं चुरतो. संध्याकाळपर्यंत माल खडखडीत वाळतो, वासही बराचसा उडून जातो. दुसऱ्या दिवशी तीच पेंड गव्हाणीत पडते.

यात निष्काळजीपणा नाही. घरातल्या डाळी-कडधान्यांना आपण ऊन दाखवतो तसंच त्यानं पेंडीला दाखवलं. दमटपणावर ऊन हा उपाय बरोबरच आहे. पण दमटपणामुळे बुरशी येऊन गेली असेल तर ऊन फार उशिरा आलेलं असतं. बुरशी उन्हानं मरते, तिनं मागे ठेवलेलं विष तसंच राहतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. त्यामुळे खुराकाच्या साठवणुकीचा सगळा खेळ बुरशी आल्यावरचा नाही, ती येण्याआधीचा आहे. आणि तो एकाच गोष्टीभोवती फिरतो: कोरडं विकत आणलेलं पोतं आपल्याच खोलीत ओलं कसं होतं?

विषाचं नाव कसं पडलं

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्यांची पिल्लं पटापट मरू लागली. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पक्षी गेले. रोगजंतू सापडेना, म्हणून त्या आजाराला ‘टर्की एक्स’ असं नाव दिलं गेलं. शेवटी माग लागला तो खाद्यात घातलेल्या, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी वाढली होती. ॲस्परजिलसमधला ‘अ’, फ्लेवसमधलं ‘फ्ला’ आणि त्याला जोडलेलं ‘टॉक्सिन’, म्हणजे विष. असा ‘अफ्लाटॉक्सिन’ हा शब्द तयार झाला. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत घातक तो बी-१. त्याचा पहिला घाव यकृतावर बसतो आणि दीर्घकाळ पोटात जात राहिला तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

आपल्याकडेही याची किंमत माणसांनी मोजली आहे. १९७४ च्या शेवटी गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या पंचमहाल आणि बांसवाडा या आदिवासीबहुल भागांत काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसं दगावली. कारण निघालं घरातला मका. काढणीच्या सुमाराला अवकाळी पाऊस झाला, कणसं नीट वाळली नाहीत, आणि तोच बुरशीचा मका लोकांनी आठवडेच्या आठवडे खाल्ला. त्या घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडली होती.

गाय इतक्या सहज मरत नाही. तिथेच घोटाळा होतो. थोडं विष रोज पोटात गेलं तर गाय खुराक उष्टा टाकते, दूध थोडं उतरतं, इतर आजारांना ती लवकर बळी पडते, गाभण राहायला वेळ लागतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला गोठ्यात दहा दुसरी कारणं असू शकतात, म्हणून पेंडीच्या पोत्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण गाईच्या यकृतात त्या बी-१ पैकी काही भागाचं रूपांतर होतं आणि ते दुधात उतरतं. त्याला एम-१ म्हणतात. एम म्हणजे मिल्क. खराब खुराक खाल्ल्यापासून साधारण बारा ते चोवीस तासांत ते दुधात दिसू लागतं. दूध उकळून किंवा पाश्चराइझ करून ते जात नाही. दुधातल्या प्रथिनाला ते चिकटतं, त्यामुळे पनीर-चीजमध्ये त्याचं प्रमाण दुधापेक्षा वाढतं.

एक किलो भरड्याचा हिशेब

भारतात दुधामध्ये एम-१ ची कमाल मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तयार पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोनं घालून दिलेली बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. हे दोन आकडे एकमेकांशी कसे बांधलेले आहेत ते एका गाईवर पाहू.

समजा, गाय दिवसाला १२ लिटर दूध देते आणि ५ किलो खुराक खाते. खुराक मर्यादेच्या काठावरचा आहे, म्हणजे किलोत २० मायक्रोग्रॅम. तिच्या पोटात रोज १०० मायक्रोग्रॅम जातात. त्यातले साधारण दोन टक्के दुधात उतरतात असं धरू. जास्त दूध देणाऱ्या गाईंमध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंतही जातं. दोन टक्क्यांनी दुधात दोन मायक्रोग्रॅम आले. ते १२ लिटरमध्ये वाटले की लिटरमागे ०.१७ पडतात. मर्यादेच्या बरेच आत.

आता पाचपैकी चार किलो खुराक चांगला आहे असं समजू, किलोत १० मायक्रोग्रॅमचा. उरलेला एक किलो मात्र घरी दळलेला, कोपऱ्यात दमट झालेला मक्याचा भरडा आहे, आणि त्यात ३०० मायक्रोग्रॅम आहेत. बुरशीच्या मक्यात एवढं विष सापडणं मुळीच नवलाचं नाही. आता पोटात गेले ३४० मायक्रोग्रॅम, दुधात उतरले ६.८, आणि लिटरमागे ०.५७. मर्यादा ओलांडली. पाच किलोंतला एकच किलो बिघडलेला होता, तरीही.

हे ३०० मायक्रोग्रॅम म्हणजे केवढं? बारीक मिठाचे चार-पाच कण, एक किलो भरड्यात विखुरलेले. डोळ्यांनी ते कधीच दिसणार नाहीत.

एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेनं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते. त्यातल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. दुधातली भेसळ म्हटलं की आपल्याला युरिया आणि डिटर्जंट आठवतात. इथे कुणी काही मिसळलेलं नव्हतं. हे दुधात आलं ते गाईच्या तोंडातून, म्हणजे पोत्यातून.

पाणी चार वाटांनी येतं

चांगल्या गोळीपेंडीत पाण्याचा अंश जास्तीत जास्त ११ टक्के असावा, असं मानक आहे. त्या कोरडेपणात ही बुरशी वाढू शकत नाही. तिचे बीजकण मात्र सगळीकडे असतात, मातीत, हवेत, धुळीत, पोत्याच्या विणीत. त्यांना पाणी मिळू न देणं एवढंच आपल्या हातात आहे.

पाण्याची पहिली वाट हवेतून. पेंड, भरडा, चुणी, भुसा हे सगळे पदार्थ हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत असतात. हवा कोरडी असली की ते पाणी सोडतात, दमट असली की ओढून घेतात, आणि दोघांचा मेळ बसला की थांबतात. हवेतली आर्द्रता ७० टक्के असेल तर मका साधारण १३-१४ टक्के ओलाव्यावर थांबतो. हीच आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांवर राहिली, तर मका १७ टक्क्यांच्या आसपास पोचतो. तिथे ही बुरशी जोमानं वाढते आणि विषही तयार करते. तिला सर्वांत मानवणारं तापमान २५ ते ३५ अंश, म्हणजे आपला अख्खा पावसाळा. तेलकट मालाला आणखी जपावं लागतं, कारण तेल पाणी धरत नाही आणि थोडंसं पाणीही उरलेल्या भागात दाटतं. मका १३ टक्क्यांवर टिकतो, पण भुईमुगाचे दाणे सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळवावे लागतात, ते यामुळेच.

हे पाणी किती असतं याचा अंदाज आला की धक्का बसतो. ५० किलोचं पोतं ११ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलं, तर त्यानं हवेतून जवळजवळ सव्वादोन लिटर पाणी पिऊन घेतलेलं असतं. थेंबही न गळता.

दुसरी वाट फरशी आणि भिंत. सिमेंटचा कोबा पावसाळ्यात जमिनीतली ओल वर खेचतो. वरून तो कोरडा दिसतो, पण त्यावर पोतं ठेवलं की ओल उडून जायला जागा राहत नाही आणि ती थेट पोत्याच्या तळात शिरते. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला पोतं टेकलं तरी तेच. बहुतेक गोठ्यांत पहिलं ढेकूळ सापडतं ते थप्पीच्या सर्वांत खालच्या पोत्यात किंवा भिंतीकडच्या बाजूला.

तिसरी वाट दवाची. खोलीतली हवा ३० अंशांवर आणि ८५ टक्के दमट असेल, तर तिच्यापेक्षा अवघ्या तीन अंशांनी गार असलेल्या कशावरही पाणी जमतं. रात्री पत्रा गार पडला की त्याला आतून घाम फुटतो आणि तो थेंबाथेंबानं वरच्या पोत्यांवर पडतो. म्हणून मग त्यांवर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला जातो. पण पोत्यांतून निघालेली वाफ आता त्या कागदाखाली अडकते आणि तिचंच पाणी होऊन परत पोत्यावर बसतं. पावसापासून वाचवायला घातलेला कागदच पेंड भिजवतो.

चौथी वाट आतून येते. पेंडीत सोंडे किंवा पोरकिडे झाले की ते श्वास घेतात, आणि त्या श्वासातून उष्णता व पाणी दोन्ही तयार होतं. बुरशीही तेच करते. म्हणजे एकदा मुठीएवढ्या जागेत तिनं पाय रोवला की पुढचं पाणी ती स्वतःच निर्माण करते आणि ढेकूळ वाढत जातं. उंदरांनी कुरतडलेलं पोतं, त्यांचं मूत, आणि त्याच खोलीत बांधलेली जनावरं हीसुद्धा याच यादीत. गाई श्वासातून आणि अंगातून रोज कित्येक लिटर पाणी हवेत सोडतात. म्हणून खुराकाची खोली गोठ्याला लागून असली तरी मध्ये भिंत आणि दार हवं.

सहा गाईंची खोली

आता हेच एका गोठ्यावर मांडून पाहू. सहा दुभत्या गाई, प्रत्येकीला ५ किलो, म्हणजे रोजचा खुराक ३० किलो. मालकानं मे महिन्याच्या शेवटी एकदम ४० पोती आणली, कारण पोत्यामागे ३० रुपये सूट मिळत होती. ४० पोती म्हणजे २,००० किलो, जेमतेम ६६ दिवसांचा माल. शेवटचं पोतं उघडलं जाणार ऑगस्टच्या सुरुवातीला. मधला सगळा काळ पावसाचा. वाचले १,२०० रुपये. एका पोत्याची किंमत त्याहून जास्त आहे, म्हणजे एकच पोतं बिघडलं तर सूट गेली आणि वर पदरचे गेले.

त्याऐवजी पावसाळ्यात पंधरा दिवसांचा माल ठेवायचा असं ठरवलं, तर ४५० किलो लागतात, म्हणजे बरोबर नऊ पोती. उन्हाळ्यात महिन्याचा माल ठेवायला हरकत नाही. साठवणुकीतली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिला खर्च शून्य आहे. पोतं खोलीत जितके दिवस कमी राहील तितकं कमी पाणी पिईल.

ही नऊ पोती दहा फूट लांब-रुंद खोलीत अगदी मापात बसतात. आडवं पोतं साधारण तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद. तीन पोत्यांची एक, अशा तीन थप्प्या. भिंतीपासून एक फूट, दोन थप्प्यांमध्ये एक फूट. दोन-दोन फुटांच्या तीन थप्प्या आणि एकेक फुटाची चार मोकळी जागा, दहा फूट भरले. खाली विटा आडव्या ठेवून दोन-दोनचे थर आणि त्यांवर लाकडी फळ्या, म्हणजे फरशीपासून सहा इंच उंची. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायची. फळ्यांखालून झाडू फिरला पाहिजे. जिथे झाडू पोचत नाही तिथे सांडलेला चुरा साठतो, दमतो आणि नव्या पोत्यांना लागण देतो. भिंतीकडच्या एका फुटाचंही कारण तेच. तिथून वाकून पोत्याची मागची बाजू हातानं चाचपता आली पाहिजे.

पत्र्याचं छत असेल तर त्याखाली बांबूच्या तट्ट्याचं किंवा साध्या प्लायचं आढं घातलं की घाम पोत्यांवर पडत नाही. तेवढा खर्च नको असेल, तर पोत्यांच्या दोन फूट वर ताडपत्री उताराने ताणून बांधावी, पोत्यांना चिकटू न देता. थेंब तिच्यावर पडून बाजूला ओघळतील आणि खाली हवा खेळती राहील.

खिडकीबद्दल एक गैरसमज आहे. ‘हवा खेळती ठेवा’ असं सांगितलं की लोक खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवतात. संततधार चालू असताना उघडी खिडकी खोलीत दमट हवाच ओतत असते. ऊन पडलेलं असताना, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान खिडकी उघडावी, कारण दिवसातली सर्वांत कोरडी हवा तेव्हाच असते. पाऊस सुरू झाला की आणि संध्याकाळी ती बंद करावी. खिडकीला बारीक जाळी हवीच, म्हणजे उंदीर, घुशी आणि चिमण्या बाहेर राहतात.

प्रत्येक पोत्यावर आणल्याची तारीख खडूनं लिहायची आणि जुनं आधी काढायचं. सोपं वाटतं, पण नवी पोती थप्पीच्या वर टाकली जातात आणि रोज वरचंच उचललं जातं, त्यामुळे तळचं पोतं महिनोन्महिने तिथेच राहतं. म्हणून नवा माल आला की आधी जुनी पोती बाजूला घ्यायची, नवी खाली लावायची आणि जुनी वर ठेवायची. दहा मिनिटांचं काम.

उघडलेलं पोतं ही वेगळीच बाब. रोज दोनदा तोंड उघडतं, ओला हात आत जातो, मग आतलं भांडंही ओलं होतं. उघडलेला माल झाकणाच्या पिंपात ओतावा, दोन-तीन दिवसांपुरताच, आणि नवा ओतण्याआधी पिंप पूर्ण रिकामं करून पुसून, वाळवून घ्यावं. जुन्यावर नवा ओतत राहिलं तर तळाला सहा महिन्यांपूर्वीचा चुरा राहतो. घट्ट झाकणाचं पिंप कोरड्या मालाला वरदान आहे, कारण आत दमट हवा शिरत नाही. पण दमट माल त्यात भरला तर तोच सापळा होतो. पाण्याला बाहेर पडायला वाट नसते.

घरचा मका वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अख्ख्या दाण्याला टरफलाचं चिलखत असतं. भरडा केला की ते फुटतं आणि पिठाळ भाग उघडा पडतो. मका अख्खा, नीट वाळवून ठेवावा आणि आठ-दहा दिवसांपुरताच भरडावा. खरिपाचा मका काढणीला येतो तेव्हा दाण्यात वीस टक्क्यांहून जास्त पाणी असू शकतं. तसाच सोलून पोत्यात भरला तर खोली कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

हात, नाक, वजनकाटा

प्रयोगशाळा तालुक्याला नसते, पण चार साध्या गोष्टी गोठ्यातच करता येतात.

पहिली वजनाची. नवीन माल आला की त्यातलं एक पोतं काट्यावर चढवून नेमकं वजन पोत्यावरच लिहून ठेवायचं आणि ते भिंतीच्या बाजूच्या थप्पीत वर ठेवायचं. आठवड्यानं पुन्हा तोलायचं. ५० किलोच्या पोत्याचं वजन एका किलोनं वाढलं, तर ओलावा ११ वरून साधारण १३ टक्क्यांवर गेलाय. त्या दिवसापासून आधी तोच माल संपवायला घ्यायचा. मात्र एखादा कोपराच भिजला असेल तर वजनात तो फारसा दिसत नाही.

दुसरी मिठाची, अख्ख्या मक्यासाठी. काचेची कोरडी बरणी घ्यायची, तिच्या एक तृतीयांश भागात मका भरायचा, त्यात दोन-तीन चमचे कोरडं, तव्यावर भाजून थंड केलेलं मीठ घालायचं. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर मक्यात १५ टक्क्यांहून जास्त पाणी आहे, साठवू नये. काचेवरून घसरून खाली पडलं तर मका त्यापेक्षा कोरडा आहे. भरड्यावर ही परीक्षा चालत नाही, पीठच काचेला चिकटतं.

तिसरी सळईची. लोखंडी सळई पोत्याच्या मधोमध खुपसून दहा मिनिटं ठेवायची आणि काढल्याबरोबर तळहातावर धरायची. ती कोमट लागली तर आत किडे किंवा बुरशी काम करते आहे.

चौथी नाक आणि हात. ताज्या पेंडीला तेलकट गोडसर वास असतो. कुबट, दमट गोधडीसारखा वास, हाताला चिकट लागणं, गोळ्या एकमेकींना चिकटणं, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, पिवळट-हिरवी किंवा करडी भुकटी, यांतलं काहीही दिसलं की ते पोतं बाजूला. ढेकळांत खोल नाक घालून वास घेऊ नये आणि तो माल हाताळताना तोंडाला रुमाल बांधावा. ते बीजकण आणि ती धूळ माणसाच्या फुप्फुसालाही बरी नाही.

या चारही परीक्षांना एक मर्यादा आहे. त्या ओलावा आणि बुरशी दाखवतात, विष नाही. प्रत्येक बुरशी हे विष करत नाही, आणि बुरशी दिसत नसतानाही विष असू शकतं. ते मका किंवा सरकी शेतात असतानाच, पाण्याच्या ताणात किंवा कीड लागलेल्या कणसात तयार झालेलं असतं, किंवा आधीच्या कुणीतरी ऊन देऊन वाळवलेल्या मालातून आलेलं असतं. विषाची खात्री फक्त चाचणीच देते. तिथेही नमुना घेण्यात चूक होते. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, एका मुठीत भरपूर आणि शेजारच्या मुठीत काहीच नाही असं होतं. वरची एक मूठ पाठवली तर येणारा आकडा नशिबाचा. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडा थोडा माल घ्यावा, सगळा एकत्र करून नीट मिसळावा, त्यातला किलोभर पाठवावा, तोही कागदी किंवा कापडी पिशवीत. प्लास्टिकमध्ये वाटेतच बुरशी वाढू शकते.

ढेकूळ सापडलं, पुढे काय

पुन्हा श्रावणातल्या त्या सकाळी येऊ. ढेकूळ हातात आहे. ते काढून टाकून उरलेलं पोतं वापरावं का? नाही. दिसणारं ढेकूळ जिथे बुरशी दाट झाली ती जागा आहे. तिच्याभोवतीच्या मालात ती आधीच पसरलेली असते. चांगल्या पेंडीत थोडी थोडी मिसळून खपवावी का? एक किलो भरड्याचा हिशेब आठवा. पाचात एक मिसळूनही दूध मर्यादेबाहेर गेलं होतं. दुभत्याला नको, मग भाकड गाईला, कालवडीला किंवा कोंबड्यांना घालावी का? वासरं मोठ्या गाईपेक्षा लवकर बाधतात, आणि टर्कीच्या पिल्लांची गोष्ट तर सुरुवातीलाच सांगितली. असा माल जनावरं पोचणार नाहीत अशा जागी खड्ड्यात पुरावा.

बाजारात टॉक्सिन बाइंडर नावाची पूड मिळते. तिच्यातली बेंटोनाइटसारखी खास माती आतड्यात विषाला धरून शेणावाटे बाहेर काढते. दुधात उतरणारं प्रमाण त्यानं कमी होतं, नाहीसं होत नाही. मुळात बऱ्या असलेल्या खुराकाला ती आधार देते, बुरशीची पेंड तिच्या भरवशावर घालणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीला हात लावून पाणी नेणं. बुरशी रोखायला खाद्यात घातलं जाणारं प्रोपियॉनिक आम्लही असंच. बुरशी वाढू नये म्हणून ते उपयोगी, आधी झालेलं विष त्यानं जात नाही.

यात एक दिलासाही आहे. खराब खुराक बंद केला की गाईच्या दुधातलं एम-१ तीन-चार दिवसांत उतरत जातं आणि दूध पुन्हा बरं होतं. म्हणजे ज्या दिवशी ते पोतं खोलीबाहेर गेलं, त्या आठवड्यातच गोठा सुधारतो. तेवढे दिवस घरच्या लहान मुलांना ते दूध देऊ नये.

आणि मग रिकाम्या खोलीत जाऊन पाणी कुठून आलं ते शोधायचं. ढेकूळ तळाला होतं की वर, भिंतीकडे की मधोमध? तळाला असेल तर फरशी. वरच्या बाजूला असेल तर पत्रा किंवा कागद. भिंतीकडे असेल तर भिंत. आणि मधोमध, सगळीकडून कोरड्या पोत्यात असेल, तर माल ओलाच आला होता किंवा आत किडे होते. मग पुढच्या वेळी पोती उतरवून घेण्याआधीच एक सळई खुपसायची आणि एक पोतं तोलायचं, दुकानदार समोर उभा असतानाच.